भंगारातल्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क डॉकवर वापरण्याआधी

डेस्कटॉपमधली साडेतीन इंची डिस्क फक्त यूएसबी केबलवर चालत नाही. तिची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून डिस्क खोचून यूएसबीने संगणकाला जोडणारा डॉक घेताना स्वतःचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. डिस्क सुरू होताना 'टक' असा आवाज करून पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा.

डिस्क दिसू लागली की कामाच्या फाइल्स आधी दुसरीकडे उतरवून घ्या. तपासणी नंतर. दीर्घ चाचणीत डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो आणि आधीच थकलेली डिस्क त्यातच मान टाकू शकते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद क्रमांकवार आकड्यांत ठेवते. विंडोजवर `CrystalDiskInfo`मध्ये हे आकडे दिसतात, पण मूळ मांडणीत ते हेक्साडेसिमल असतात. तिथला 10 म्हणजे आपले १६. लिनक्सवर (`sdb`च्या जागी आपल्या डिस्कचे नाव घाला):

```
sudo smartctl -a -d sat /dev/sdb
sudo smartctl -t long -d sat /dev/sdb
```

पहिली आज्ञा आकडे दाखवते, दुसरी दीर्घ चाचणी सुरू करते. काही डॉक थोडा वेळ काम नसले की डिस्क झोपवतात आणि चाचणी अर्धवट तुटते. तसे झाले तर डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टला लावूनच ती पूर्ण करा.

समजा, १ टीबीच्या डिस्कवर ५ क्रमांकासमोर (बदललेले सेक्टर) शून्य आहे, १९७ समोर (वाचता न येणारे सेक्टर) ८ आणि १९९ समोर ११२. हा ११२ पाहून घाबरू नका. तो केबलमधल्या चुकांचा हिशेब आहे, बहुधा जुन्या पेटीतल्या सैल केबलचा, आणि तो कधी शून्यावर येत नाही. नव्या जोडणीवर वाढतो का, एवढेच पाहायचे. खरा प्रश्न १९७ चा. ४ केबीच्या सेक्टरच्या डिस्कवर ८ म्हणजे बहुतेक वेळा एकच खराब सेक्टर, कारण तो ५१२ बाइटच्या आठ तुकड्यांत मोजला जातो.

आता जुनी सगळी पार्टिशन्स काढून एकच करा आणि `Quick Format`ची खूण काढून फॉरमॅट करा. डिस्कवर सगळीकडे शून्ये लिहिली जातात. यूएसबी ३ वर याला तीनेक तास, यूएसबी २ वर जवळपास रात्र. मग आकडे पुन्हा पाहा. १९७ शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही, तर लिहिताना वीज गेल्यासारखी किरकोळ अडचण असावी. डिस्क दुसऱ्या प्रतीसाठी चालेल. पाचचा आकडा थोडा वाढून तिथेच थांबला, तर ज्याची प्रत दुसरीकडे आहे असेच सिनेमे-गाणी ठेवा. दर फेरीला वाढतच गेला, तर डिस्क बाद.

पुढे कधी डॉक बदलला आणि विंडोज भरलेली डिस्क फॉरमॅट करायला सांगू लागले, तर 'हो' म्हणू नका. काही डॉक सेक्टरचा आकार वेगळा सांगतात. जुन्याच डॉकवर डेटा सहसा जसाच्या तसा दिसतो.