या चुका टाळा : ‘रिव्हर्ट बॅक’मधला नुसता ‘बॅक’ काढून भागत नाही

अंबडच्या एका छोट्या कारखान्यातून जर्मनीला पितळी बुश जातात. परदेशी जाणारी त्यांची पत्रं पाठवण्याआधी माझ्याकडे येतात, आणि ती येऊ लागली ती एका मेलमुळे.

बुशच्या मूळ ड्रॉइंगमध्ये, म्हणजे रेव्हिजन एमध्ये, आतलं भोक 20 मिलिमीटरचं होतं. ग्राहकाने रेव्हिजन बी पाठवलं, त्यात ते 20.2 झालं. इथल्या ऑफिसातून उत्तर गेलं : ‘रिसीव्ह्ड रेव्हिजन बी. काइंडली रिव्हर्ट बॅक ऑन ड्रॉइंग अँड डू द नीडफुल.’ लिहिणाऱ्याच्या मनात होतं, ‘बी मिळालं, ते पक्कं आहे का तेवढं कळवा.’ दोन दिवसांनी जर्मनीहून एका ओळीचं उत्तर आलं : ‘वी हॅव रिव्हर्टेड द ड्रॉइंग.’ ऑफिसने वाचलं, ‘आम्ही ड्रॉइंगबद्दल उत्तर दिलं आहे,’ म्हणजे होकार आला. सीएनसीवर बीप्रमाणे 400 नग निघाले. तिकडच्या माणसाने मात्र पहिल्या मेलचा अर्थ ‘मागच्या ड्रॉइंगवर परत जा’ असा घेतला होता, आणि तो खरोखरच रेव्हिजन एवर परत गेला होता. भोक लहान असतं तर मोठं करता आलं असतं. मोठं झालेलं लहान कसं करणार? चारशेच्या चारशे नग भंगारात.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं इंग्रजी आपापल्या जागी बरोबर होतं. ‘रिव्हर्ट’चा जगभर चालणारा अर्थ पूर्वीच्या स्थितीत परत जाणं असा आहे. आयटीतली मुलं `git revert` देतात तेव्हा आधीचा बदल रद्द होतो, कोणाला उत्तर जात नाही. ‘उत्तर देणे’ हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांत रुळला. काही इंग्रजी शब्दकोश आता तो देतातही, पण ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करून. ती खूण म्हणजे परवानगी नाही. हा अर्थ कुठे समजेल आणि कुठे समजणार नाही, एवढंच ती सांगते.

शाळेपासून आपल्याला एवढंच सांगतात की ‘रिव्हर्ट’मध्ये ‘परत’ आलेलंच आहे, म्हणून ‘बॅक’ नको. द्विरुक्ती आहे, खरं. पण वरच्या मेलमधून ‘बॅक’ काढून पाहा, नग तेवढेच भंगारात जातात. खोट ‘रिव्हर्ट’मध्येच आहे. घोटाळा ओळखायची एक खूण मात्र आहे. समोरच्याच्या पत्रात ‘रिव्हर्टेड’च्या लगेच पुढे एखादी वस्तू आली, म्हणजे ड्रॉइंग, दर किंवा ऑर्डर, तर तो उत्तराबद्दल बोलत नाहीये. त्याने काहीतरी मागे घेतलंय. मशीन चालू करण्याआधी फोन करा.

हे सांगितल्यावर त्याच कारखान्यातल्या उत्साही क्लार्कने कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींत ‘रिव्हर्ट’च्या जागी ‘रिप्लाय’ टाकायचं ठरवलं. वेळेवर थांबवलं. एमआयडीसीचे भूखंड साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात, आणि पट्ट्याच्या कागदात जमीन मूळ मालकाकडे परत जाते तिथे ‘रिव्हर्ट’ हाच नेमका शब्द आहे. तिथे ‘रिप्लाय’ घातलं असतं तर करारात जमीनच पत्राला उत्तर देऊ लागली असती! तेव्हा एकेक जागा वाचूनच बदला.

‘डू द नीडफुल’बद्दल माझं मन जरा मऊ आहे. लोक त्याला आपण बनवलेलं इंग्रजी म्हणून हसतात, पण ते आपलं नाहीच. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ते सर्रास असे. तिकडे मागे पडलं, आपल्या फायलींत राहिलं. आणि राहणारच, कारण ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ हे आपलं मराठी त्याचंच भावंड आहे. तहसील कचेरीत किंवा बँकेच्या शाखेत असा अर्ज दिला तर कोणी अडवत नाही, कारण योग्य ती कार्यवाही कोणती हे त्या टेबलावरच्या माणसाला ठाऊक असतं. ग्राहकाला ते ठाऊक नसतं. वरच्या मेलमध्ये ‘नीडफुल’ म्हणजे काय? ड्रॉइंगवर सही, नवीन ऑर्डर, की वाढीव दराला होकार? मी लिहिणाऱ्यालाच विचारलं, तर यातलं काहीच नाही, बी पक्कं आहे का एवढंच त्याला हवं होतं. मग तेवढंच सरळ लिही म्हटलं.

राहिला ‘प्रीपोन’. याच्यावर सगळ्यांत जास्त हसतात आणि दोष सगळ्यांत कमी याचाच. ‘पोस्टपोन’ उलटा करून झालेला हा शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. भारतातल्या पत्रात मी तो खोडत नाही. परदेशी ग्राहकाला तो कदाचित पहिल्यांदाच दिसेल, म्हणून तिथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा असं पुस्तकं सांगतात. पण आपली अडचण त्या सल्ल्यातच आहे. मराठीत मीटिंग ‘पुढे ढकलली’ म्हणजे लांबली. त्यामुळे ‘फॉरवर्ड’ वाचलं की आपल्या डोक्यात तारीख लांबते, तिकडच्याच्या डोक्यात ती अलीकडे येते. डिस्पॅच ‘फॉरवर्ड’ घेतल्याचं पत्र वाचून आपला माणूस निवांत बसेल आणि ट्रक मात्र तीन दिवस आधी दारात उभा राहील. म्हणून मी दोन्ही तारखा लिहायला लावते : ‘डिस्पॅच 14 जूनऐवजी 11 जूनला’. मग क्रियापद कोणतंही असो, कुणाची चूक होत नाही.

‘आउट ऑफ स्टेशन’, ‘गुड नेम’, ‘डिस्कस अबाउट’ यांनी कान खटकतो, नुकसान सहसा होत नाही. ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ तेवढा काढा, बाकी दोन औपचारिक पत्रात येण्याचं कारणच पडत नाही.

तर तो मेल आम्ही पुन्हा लिहिला. मूळ वाक्यात दोन गोष्टी नव्हत्या : नेमकं काय ठरवायचं आणि कधीपर्यंत. नवा असा झाला : ‘वी हॅव रिसीव्ह्ड रेव्हिजन बी, विथ द बोअर चेंज्ड फ्रॉम 20 टू 20.2 मिलिमीटर्स. प्लीज कन्फर्म बाय 14 जून दॅट वी शुड मेक ऑल 400 पीसेस टू रेव्हिजन बी. वी विल नॉट स्टार्ट प्रॉडक्शन अंटिल वी हॅव युअर कन्फर्मेशन.’ माप, नगसंख्या आणि तारीख मेलमध्येच असल्याने समोरच्याचा गैरसमज झाला असता तर त्याच्या उत्तरातच तो दिसला असता. शेवटचं वाक्य मालकांनी घालायला लावलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत उपयोगी तेच आहे.

एवढं करून मालक म्हणाले, “मॅडम, फार कोरडं वाटतंय हो. एक ‘काइंडली’ तरी राहू द्या.” मी ‘प्लीज’ खोडून ‘काइंडली’ लिहून दिलं. त्याने एकही नग भंगारात जात नाही.