परदेशी प्रवेशाचा अर्ज भरताना नावाच्या या चुका टाळा

महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि स्वतःचे व वडिलांचे नाव बहुधा दुसऱ्या रकान्यात एकत्र येते. हा निव्वळ क्रमाचा फरक असून त्यासाठी गुणपत्रिका दुरुस्त करून घेण्याची गरज नसते. तरीही अनेक विद्यार्थी गुणपत्रिका समोर ठेवून अर्ज भरतात आणि First Name या रकान्यात आडनाव लिहून बसतात. पुढे विद्यापीठाचे प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी तोच गोंधळ कायम राहतो.

उदाहरणार्थ, वैष्णवी राजेंद्र जाधव या विद्यार्थिनीच्या पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळींपैकी पहिली ओळ अशी सुरू होईल:

```
P<INDJADHAV<<VAISHNAVI<RAJENDRA
```

देशाच्या IND या अक्षरांनंतर दुहेरी चिन्हापर्यंतचा भाग म्हणजे आडनाव आणि त्यापुढचा भाग म्हणजे दिलेले नाव. अर्जात मधल्या नावाचा रकाना नसेल, तर VAISHNAVI RAJENDRA हे दोन्ही शब्द First Name मध्येच लिहावेत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर तो अर्जापूर्वीच भरून घ्यावा. नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि दिलेल्या नावाच्या जागी FNU, म्हणजे First Name Unknown, छापले जाते.

स्पेलिंगचा फरक मात्र खरी चूक असते. गुणपत्रिकेवर VAISHANAVI आणि पासपोर्टवर VAISHNAVI असेल, तर आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पाहावी. तेथे नाव बरोबर असेल आणि चूक फक्त गुणपत्रिकेवर असेल, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे तोवर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकृत प्रतिज्ञापत्र जोडता येते. परंतु ते चालेल का, हे संबंधित विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. अर्जात मात्र पासपोर्टवरचेच स्पेलिंग लिहावे. दोन्ही कागदांना जुळेल असे तिसरेच रूप स्वतः तयार करणे सर्वांत घातक ठरते, कारण ते कोणत्याच कागदाशी जुळत नाही.

लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रियांनी पदवीच्या कागदांसोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे.

चूक पासपोर्टवरच असेल, तर तपशिलात बदल दाखवून पासपोर्ट पुन्हा जारी करण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि नव्या पासपोर्टचा क्रमांकही बदलतो. म्हणून हे काम इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीपूर्वीच पूर्ण करावे. नोंदणी आधीच झाली असेल, तर परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता नवा क्रमांक आणि दुरुस्त नाव परीक्षा केंद्राला लगेच कळवावे.