वॉलेटमध्ये पैसे भरण्यापूर्वी: केवायसीच्या मर्यादेची तयारी

वॉलेट जवळपास रिकामं असताना टॉप-अप नाकारलं गेलं, की माणूस हमखास बँकेला किंवा नेटवर्कला दोष देतो. म्हणून तयारीची सुरुवात अ‍ॅपच्या प्रोफाइलपासून करा. आपलं खातं किमान केवायसीचं आहे की पूर्ण केवायसीचं, हे तिथे कळतं. नुसत्या मोबाइल नंबरवर उघडलेल्या खात्याची मर्यादा कमी असते, आणि त्यातून दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवण्याची सोय बरेचदा बंदच असते. तसं असेल तर रक्कम कितीही लहान केली तरी उपयोग नाही.

मग दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: एका वेळी वॉलेटमध्ये जास्तीत जास्त किती शिल्लक राहू शकते, आणि महिनाभरात एकूण किती भरता येतं. सगळा गोंधळ या दोघांच्या सरमिसळीतून होतो. समजा दोन्ही मर्यादा 10,000 आहेत. 3 तारखेला 6,000 भरले, 5,500 खर्च झाले, शिल्लक 500. 18 तारखेला 5,000 भरायला गेलात तर शिल्लक 5,500 होईल, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. तरीही नकार येतो, कारण महिन्याचा भरणा 11,000 होतो. खर्च केल्याने शिल्लक उतरते. भरण्याचा हिशेब मात्र उतरत नाही. या महिन्यात आता 4,000 च भरता येतील.

दुसऱ्या एखाद्या महिन्यात उलट अडचण येऊ शकते. समजा महिन्याचा हिशेब नव्याने सुरू झाला, पण आधीची शिल्लक 7,000 आहे. आता 4,000 भरायला गेलात तर शिल्लक 11,000 होईल, म्हणून पुन्हा नकार. त्यातले 3,000 घेऊन उरलेले परत करा, असं सहसा होत नाही. अख्खी रक्कम नाकारली जाते. म्हणून भरण्याआधी दोन्ही वजाबाक्या करा आणि जे उत्तर लहान येईल तेवढंच भरा. महिना 1 तारखेपासून धरतात की मागचे 30 दिवस मोजतात, हे अ‍ॅपच्या नियमांत पाहून ठेवा. वार्षिक मर्यादा असेल तर तीही तिथेच सापडेल.

कुणाला पैसे पाठवायचे असतील तर त्यांनाही त्यांची शिल्लक विचारा. तुमच्याकडे सगळं ठीक असलं तरी त्यांचं वॉलेट भरलेलं असेल तर व्यवहार अडतो, आणि दुसऱ्याची शिल्लक उघड होऊ नये म्हणून तुम्हाला नेमकं कारण बहुधा दिसत नाही.

मोठी रक्कम लागणार असेल तर पूर्ण केवायसी आधीच उरका. नाव आणि जन्मतारीख ओळखपत्रावर आहे तशीच भरा. तिथला फरक हे अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण. कागद पाठवले म्हणून मर्यादा वाढत नाही, मंजुरी आल्यावरच वाढते.

बँकेतून पैसे गेले आणि वॉलेटमध्ये आले नाहीत, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि पहिल्या व्यवहाराचा निकाल लागू द्या.