दोन टक्क्यांनी मला फसवलं

डॉक्युमेंट रिव्ह्यूत मला चार महिने झाले होते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका खटल्याचे ईमेल वाचायचे आणि त्यातले खटल्याच्या कामाचे कुठले ते ठरवायचं. आधी ठरावीक शब्दांची, म्हणजे कीवर्डची, यादी लावून ईमेल शोधून झाले, त्यात न लागलेला उरलेला ढीग तपासायचं माझ्याकडे आलं आणि तिथेच मी चुकले.

आकडे सोपे करून सांगते. एकूण १,००,००० ईमेल. कीवर्डला लागले १२,०००, त्यातले ३,००० कामाचे. उरलेल्या ८८,००० मधून कसलीही निवड न करता १,५०० उचलून वाचले, तर ३० कामाचे निघाले. म्हणजे दोन टक्के. मी लिहून दिलं, 'ढीग स्वच्छ आहे.'

टीम लीड मॅडमनी एवढंच विचारलं, "दोन टक्के कशाचे?"

८८,००० चे. म्हणजे अंदाजे १,७६० ईमेल सुटलेले. कामाचे एकूण ४,७६०, त्यातले आमच्या हाती ३,०००. जवळपास ६३ टक्के. दर तीनातला एकाहून जास्त गेला होता आणि मी त्याला स्वच्छ म्हणत होते. कामाचे ईमेल मुळातच थोडे असतात, म्हणून ढिगातली टक्केवारी नेहमीच छोटी दिसते. ती बघू नका. सुटलेले किती ते काढा आणि सापडलेल्यांशेजारी मांडा. नमुना आहे, आकडा थोडा इकडेतिकडे होणारच, त्याने घाबरू नका.

मग ते ३० ईमेल पुन्हा वाचले. आमच्या यादीत 'डिफेक्ट' होतं, इंजिनिअर मात्र लिहीत होते 'परत तेच झालं, अटॅचमेंट बघ.' १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी एका खटल्याच्या सुमारे ४०,००० कागदपत्रांवर हेच दाखवलं होतं. वकिलांना वाटत होतं की कामाच्या कागदांचा पाऊण भाग सापडला, प्रत्यक्षात पाचवा हिस्सा सापडला होता. अपघाताला कुणी 'इव्हेंट' म्हणत होतं, कुणी 'प्रॉब्लेम'. म्हणून कुणाची जुनी कीवर्ड यादी उचलून वापरणं मला मुळीच पटत नाही. नाकारलेला ढीग वाचायला बसवणारा सीनिअर मिळाला तर त्याला सोडू नका.

पुढे प्रेडिक्टिव्ह कोडिंग लावलं, म्हणजे आपण काही ईमेलवर कामाचा की बिनकामाचा असा शिक्का मारायचा आणि त्यावरून शिकून मशीन बाकीचे वर-खाली लावतं. कोर्टात चालेल का, ही काळजी नको. २०१२ मध्येच न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी त्याला मान्यता दिली. काळजी आपल्या शिक्क्यांची करा. नुसतं 'ओके, फोनवर बोलू' असलेला ईमेल अटॅचमेंट महत्त्वाची म्हणून कामाचा ठरवलात, तर मशीन 'ओके' शिकतं आणि शेकडो निरर्थक उत्तरं वर आणतं. प्रशिक्षणासाठी शिक्का मारताना त्या एका कागदावरचाच मजकूर बघा. स्कॅन केलेली चित्रं आणि नुसत्या आकड्यांच्या शीट वेगळ्या काढून माणसाकडून वाचून घ्या, त्यात मशीनला शिकण्याजोगे शब्दच नसतात.

आणि मशीनने खाली टाकलेल्या ढिगातूनही तसेच १,५०० उचला. भागाकार तोच करायचा.