कातडी मागे अडकून सूज आली? या चुका टाळा

शिश्नाची पुढची कातडी मागे सरकवली आणि ती पुढे येईना, तर टोकाच्या मागे घट्ट कडं बसतं. या अडकण्याला पॅराफायमोसिस म्हणतात. कडं आधी परत जाणारं रक्त अडवतं, म्हणून सूज येते. सूज वाढली की कडं आणखी आवळतं. शेवटी आत येणारं रक्तही तुटतं आणि टोक काळं पडू लागतं. म्हणून इथे घड्याळ महत्त्वाचं.

पहिली चूक कारण न ओळखण्याची. समजा, घरी लघवीची नळी लावलेल्या आजोबांना सकाळी पुसून काढताना कातडी मागे सारली आणि पुढे ओढायची राहिली. संध्याकाळी टोकामागे पाणी भरल्यासारखी फुगलेली वळी दिसते. घरच्यांना वाटतं, नळीची अ‍ॅलर्जी असेल. मलम लावून सकाळपर्यंत थांबतात. वळीच्या मागे खोल, आवळलेली खाच दिसली, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, अडकलेली कातडी. लगेच निघा.

दुसरी चूक नुसती कातडी ओढण्याची. सुजलेली कातडी कड्यातून सरकत नाही, उलट फाटते. सूज आधी उतरवायची असते. हात धुऊन, ओल्या गॉझने टोक आणि फुगलेली वळी मुठीत धरून सलग, घट्ट दाबावी: ५ ते १० मिनिटं, मध्ये न सोडता. दोन मिनिटांत हात सैल केला की पाणी परत भरतं. बहुतेकांचं इथेच फसतं. सूज उतरली की टोकाला थोडं वंगण लावा. कड्यामागे दोन्ही हातांची पहिली दोन बोटं ठेवून कातडी पुढे आणा आणि त्याच वेळी दोन्ही अंगठ्यांनी टोक आत ढकला. वंगण बोटांना लागलं तर पकड सुटते.

हे घरी एकदाच करून पाहायचं, तेही मोठ्या माणसाला, टोक गुलाबी आणि दुखणं सोसण्यासारखं असेल तर. आणि गाडीची सोय होईपर्यंतच. लहान मुलावर प्रयोग नको. त्याच्या बाबतीत खाचेत गुंडाळलेला केस किंवा धागाही असू शकतो, तो डॉक्टरांना पाहू द्या.

टोक निळं-काळं, थंड किंवा बधिर झालं, लघवी होईना, तर दाबत बसू नका; थेट आपत्कालीन विभाग गाठा. तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन कातडी पुढे आणतात. नाही आली तर कड्याला वरून चीर देतात. घरी सुई टोचणं किंवा बर्फ थेट ठेवणं नकोच. बधिर भागाला बर्फाने इजा होतेय हे कळतही नाही.

कातडी जागेवर आली तरी डॉक्टर सांगेपर्यंत ती मागे सारू नका आणि पुढच्या उपायांसाठी दाखवून या, कारण घट्टपणा तसाच असतो. नळी असलेल्यांनी रोज पुसून झाल्यावर कातडी पुढे आली ना, हे पाहूनच चादर ओढावी.