बाइंडिंग एनर्जी काढताना इलेक्ट्रॉन कुठे गायब होतात

आधी केंद्रकीय अभिक्रियेचं समीकरण, ते दोन मिनिटांत उरकतं. वरच्या आकड्यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी, खालच्यांची सारखी, बास. युरेनियम-२३५ ला एक न्यूट्रॉन लागला आणि बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ झाले, तर वर २३६ मधून २३३ गेले, उरले ३, आणि खाली ९२ म्हणजे ५६ अधिक ३६, काहीच उरलं नाही, म्हणजे बाहेर पडले ते ३ न्यूट्रॉन. बीटा क्षयात इलेक्ट्रॉनच्या खाली उणे १ लिहायला विसरू नका.

खरी गोची होते बाइंडिंग एनर्जीसाठी मास डिफेक्ट, म्हणजे वस्तुमानातली घट, काढताना. सगळीकडे सांगतात की प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या वस्तुमानांची बेरीज करा आणि त्यातून अणूचं वस्तुमान वजा करा. मीही कित्येक दिवस तसंच करत होतो आणि उत्तर दरवेळी थोडंसं कमी यायचं, इतकं थोडं की चूक वाटायचीच नाही. तक्त्यात दिलेलं वस्तुमान अख्ख्या अणूचं असतं, इलेक्ट्रॉनसकट! मग एका बाजूला इलेक्ट्रॉन आहेत आणि दुसरीकडे नाहीत, असं कसं चालेल? म्हणून नुसता प्रोटॉन (१.००७२७६) घेऊच नका, हायड्रोजनचा अख्खा अणू घ्या, १.००७८२५, म्हणजे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन आपोआप कटतात.

लोखंड-५६ घेऊ. २६ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन, अणूचं वस्तुमान ५५.९३४९३६ यू.

२६ × १.००७८२५ = २६.२०३४५०
३० × १.००८६६५ = ३०.२५९९५०
बेरीज ५६.४६३४००, वजाबाकी ०.५२८४६४ यू

याला ९३१.४९४ ने गुणलं की ४९२.२६ एमईव्ही, आणि ५६ ने भागलं की दर न्यूक्लिऑनमागे ८.७९. प्रोटॉनचा आकडा टाकला असता तर ८.५५ आलं असतं, २६ इलेक्ट्रॉनचे जवळपास १३ एमईव्ही गिळून, आणि ८.५५ बघून कुणालाच शंका येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

दुसरं म्हणजे आकडे आधीच राउंड करू नका, प्लीज. १.००८, १.००९ आणि ५५.९३५ घेऊन हेच गणित केलं तर ९.०३ येतं, कारण दोन मोठ्या आकड्यांमधला छोटासा फरक काढतोय आपण आणि तिसऱ्या दशांशातली बारीकशी चूक २६ पट, ३० पट होऊन त्या फरकात येऊन बसते. सहाच्या सहा दशांश शेवटपर्यंत ठेवा. इथे निदान चूक पकडता तरी येते, सगळ्यात घट्ट बांधलेलं केंद्रक निकेल-६२ चं आणि त्याचंही ८.७९५ च्या आसपासच, त्यामुळे उत्तर ८.८ च्या वर गेलं की पेन खाली ठेवून वस्तुमानं परत तपासायची. उत्तर कमी आलं तर मात्र असा काही धोक्याचा कंदील नाही, तेव्हा पहिली ओळ बघा, १.००७ च्या पुढे ८२५ आहे की २७६.