रात्री दीड वाजता आलेल्या पाहुण्याचं चेक-इन कसं करावं

नाशकात उशिरा येणारा पाहुणा बहुतेक वेळा दुहेरी थकलेला असतो. गाडी लेट झालेली असते, आणि नाशिकरोडला उतरल्यावर शहरात किंवा पंचवटीत यायला आणखी आठ-दहा किलोमीटर रिक्षा असते. त्यातून पहाटे त्र्यंबकेश्वरला निघायचं असेल तर त्याच्या हातात झोपेचे तीन-चार तासच उरतात. काउंटरवर घालवलेली प्रत्येक दहा मिनिटं त्यातूनच वजा होतात, म्हणून कामाचा क्रम बदलावा लागतो.

सुरुवात रात्री दहाला करा. कोण यायचं राहिलंय ते बघून फोन लावा. कुठवर पोहोचलात, किती माणसं आहात आणि जेवण झालंय का, एवढंच विचारा. स्वयंपाकघर अकराला बंद होत असेल तर खिचडी किंवा पोळी-भाजी डब्यात काढून ठेवता येते. दीड वाजता कुठून आणणार? सोबत वयस्कर माणूस असेल तर लिफ्टजवळची खोली द्या. बुकिंगमधलं नाव, मोबाइल आणि गाव फॉर्मवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे पाहुण्याला फक्त सही करायची राहते.

माणसं दारात आली की काउंटरच्या बाहेर या. “या काका, बसा. आधी पाणी घ्या. खोली तयार आहे.” यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण रिक्षात बसल्यापासून त्यांना तीच धास्ती असते. “बुकिंग आहे का?” या प्रश्नाने सुरुवात केली तर ती धास्ती वाढते. बॅग उचलण्याआधी विचारा. पूजेचं सामान किंवा औषधं असलेली पिशवी अनेकांना स्वतःकडेच हवी असते.

आता ओळखपत्रं. सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रं एकदमच मागून घ्या: आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही; हे फोनवरच सांगितलेलं बरं. स्कॅन झालं की कार्डं लगेच हातात परत द्या. मग घरातलं एकच माणूस सहीसाठी थांबवा, बाकीच्यांना रूमबॉयबरोबर वर पाठवा. आजी आणि पेंगुळलेलं पोर सोफ्यावर ताटकळत ठेवायचं काहीच कारण नसतं. खोलीचा नंबर मोठ्याने पुकारू नका, चावीच्या पाकिटावर लिहून दाखवा.

खरी अडचण तारखेची असते. समजा, विदर्भातून एक कुटुंब 15 तारखेला मध्यरात्रीनंतर दीडला पोहोचलं. तिकिटावर पोहोचण्याची तारीख 15, म्हणून त्यांनी खोलीही 15चीच घेतली. हॉटेलच्या हिशेबात मात्र ही रात्र 14ची आहे, आणि 15चं चेक-इन दुपारी बाराला सुरू होणार. चूक कुणाची, यावर त्या वेळी एक शब्दही बोलू नका. आधी खोली रिकामी आहे का बघा. असेल तर चावी देण्यापूर्वीच स्पष्ट सांगा: “बुकिंग उद्या दुपारपासूनचं आहे. आज रात्रीचे इतके जादा होतील. चालेल का?” ॲपवरून केलेलं बुकिंग मागे सरकवून देण्याचं वचन देऊ नका, कारण तो बदल ॲपकडूनच व्हावा लागतो, सकाळी मॅनेजर बोलतील, एवढंच सांगा. खोली नसेल तर त्यांना बसवून ठेवून जवळच्या हॉटेलांना तुम्हीच फोन करा. तिकडून होकार आणि भाडं पक्कं झाल्याशिवाय कुटुंबाला रिक्षात बसवू नका.

उलट प्रकार जास्त वाईट. बुकिंग बरोबर 14चंच होतं, पण रात्रपाळीने बाराला दिवस बंद करताना ‘आले नाहीत’ अशी नोंद केली आणि खोली दुसऱ्याला दिली. ॲडव्हान्स भरलेल्या माणसाला अशा वेळी काहीही समजावता येत नाही, आणि त्याचा राग रास्तच असतो. म्हणून फोन करून खात्री झाल्याशिवाय ती नोंद करू नका, आणि फोन लागला नाही तर खोली धरून ठेवा.

चेक-आउटची वेळ वार घेऊन सांगा: “मंगळवारी सकाळी दहापर्यंत.” रात्री दोनला आलेला पाहुणा चोवीस तास धरून चालतो आणि सकाळी वाद होतो. शेवटी दोनच गोष्टी विचारा: किती वाजता उठवायचं आणि सोबतचा ड्रायव्हर कुठे झोपणार. गाडीचा नंबर, कंपनीच्या नावाचं बिल, नाश्त्याची वेळ हे सगळं सकाळच्या पाळीसाठी वहीत लिहून ठेवा. पाहुणे पहाटे निघणार असतील तर तेही लिहा, म्हणजे नाश्ता बांधून तयार राहील.